पावसाळ्याआधी डबे भरताना: कडधान्यं, पीठ आणि खडा मसाला

नमस्कार मंडळी. अर्ध्या तासात आटपतं घ्या असं सेक्रेटरींनी बजावलं आहे, म्हणून थेट विषयाला हात घालते. आपल्या तीन विंगची एकत्र धान्यखरेदी मी बघते, आणि दर ऑगस्टमध्ये मला एकच तक्रार ऐकू येते: "ताई, डबा घट्ट बंद होता, तरी मुगात भुंगे झाले. आले कुठून?"

कुठूनही आले नाहीत. ते मुगासोबतच घरात आले होते. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की बाकीची सगळी कृती आपोआप सुचते, म्हणून आज बराच वेळ मी कडधान्यांवर घालवणार आहे. पीठ आणि मसाले त्यामानाने लवकर उरकतील.

आधी सामान सांगते. यातलं बहुतेक घरात असतंच.

- एक काळं प्लास्टिक किंवा ताडपत्री, तेवढंच मोठं पारदर्शक प्लास्टिक, आणि खाली अंथरायला जुनी जाड चादर
- एक-एक लिटरच्या पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटल्या, धुऊन पूर्ण वाळवलेल्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या
- काचेच्या दोन छोट्या बरण्या, जाडं मीठ, मैद्याची चाळण
- एरंडेल तेलाची छोटी बाटली
- चिकटपट्टी आणि पेन, तारीख लिहायला

१. विकत घेतानाच दाणे बघा

मूग, मटकी, चवळी, हरभरा, अख्खी तूर यांत जो भुंगा होतो तो पुष्कळदा शेतातच, पिकत आलेल्या शेंगेवर अंडी घालतो. नाहीतर व्यापाऱ्याच्या गोदामात थेट दाण्यावर. अंडं म्हणजे दाण्याला चिकटलेला खसखशीहून लहान ठिपका. मूठभर मूग पांढऱ्या ताटलीत घ्या, खिडकीशी जा, चष्मा लावा. हिरव्या दाण्यावर पांढरे ठिपके दिसले तर समजा.

इथे एक बारकावा आहे. ताजं अंडं जवळपास पारदर्शक असतं, सहज दिसत नाही. अळी बाहेर पडते ती अंड्याच्या खालच्या बाजूने थेट दाण्यातच शिरते, आणि पोखरताना निघालेला भुसा मागे अंड्याच्या टरफलात भरतो. म्हणून ते पांढरंशुभ्र दिसतं. म्हणजे पांढरा ठिपका तुम्हाला दिसला तेव्हा अळी आत गेलेली असते. ठिपका नखाने खरवडला, मूग कोरड्या फडक्याने पुसले, तरी उपयोग शून्य. पुढे अळी आत मोठी होते आणि बाहेर पडायच्या आधी सालीखाली गोल काळसर डाग दिसतो. मग तिथेच नीट गोल भोक पडतं आणि भुंगा बाहेर येतो. ठिपका, डाग, भोक: हा क्रम लक्षात ठेवा, म्हणजे माल कुठल्या टप्प्यावर आहे ते तुम्हाला दुकानातच कळेल.

आपल्याकडच्या उबदार दमट हवेत अंड्यापासून भुंग्यापर्यंत साधारण चार आठवडे लागतात. आता हिशेब करू. एक किलो मुगात पंचवीस-तीस हजार दाणे असतात. त्यातल्या फक्त दहा दाण्यांत अळी आहे असं धरा. इतके तर निवडतानाही नजरेतून सुटतात. मेअखेर दहा भुंगे निघाले, त्यात पाच माद्या. एक मादी साठेक अंडी सहज घालते. जूनअखेर तीनशे. त्यातल्या निम्म्या माद्या धरल्या तर जुलैअखेर नऊ हजार. सगळी अंडी जगत नाहीत हे खरं, पण ऑगस्टमध्ये डबा उघडल्यावर जे दिसतं ते मेमधल्या दहा दाण्यांचं असतं, हे आता पटेल.

आणखी एक. फोडलेली, सोललेली डाळ या भुंग्याला तितकी आवडत नाही, त्याला गुळगुळीत अख्खा दाणा लागतो. घरात जागा कमी आणि कंटाळा जास्त असेल तर वर्षाची डाळ घ्या आणि अख्खं कडधान्य महिन्यापुरतंच घ्या. हा सल्ला मी नवीन लग्न झालेल्या जोडप्यांना नेहमी देते, आणि त्यांच्या आयांना तो नेहमी आवडत नाही.

२. कोरडं आहे का, ते मिठाने तपासा

"आमचं धान्य खडखडीत वाळलेलं आहे" असं प्रत्येक दुकानदार सांगतो. घरी तपासायची एक सोपी रीत आहे. जाडं मीठ तव्यावर मंद आचेवर पाचेक मिनिटं परतून पूर्ण गार करा. पुड्यातलं बारीक मीठ नको, ते मोकळं राहावं म्हणून त्यात काहीबाही घातलेलं असतं. काचेची कोरडी बरणी घ्या, एक तृतीयांश मूग भरा, वर दोन-तीन चमचे मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा. पंधरा मिनिटं तशीच ठेवा आणि परत हलवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य ओलं आहे. मीठ सुटं खाली पडलं तर बुरशी धरण्याइतकी ओल नाही.

हे असं का होतं? मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं ते साधारण ७५ टक्के आर्द्रतेला. बरणी बंद असताना आतल्या हवेचा दमटपणा धान्य ठरवतं. म्हणजे मीठ चिकटलं याचा अर्थ दाण्यांभोवतीची हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली आहे, आणि एवढ्या दमटपणात बुरशी खुशाल वाढते.

पण या परीक्षेला मर्यादा आहे. मीठ चिकटलं नाही म्हणून किडे होणार नाहीत असं नव्हे. भुंग्याला त्याहून पुष्कळ कमी ओल पुरते. ही परीक्षा बुरशीची, किड्यांची नाही.

३. आतली अळी मारा: ऊन किंवा फ्रीझर

आपल्या आयाआज्या वाळवण घालायच्या ते बरोबरच होतं, फक्त उघड्या उन्हात चादरीवर पसरलेल्या धान्यातून मोठे भुंगे उडून जातात आणि दाण्यातल्या अळ्या मजेत राहतात. अळी मरायची तर दाणा आतपर्यंत ५७-५८ अंशांच्या वर जाऊन तासभर तसाच राहायला हवा. साध्या चादरीवर तेवढं तापत नाही, वाऱ्याने उष्णता निघून जाते.

म्हणून दोन दिवसांचं काम करा. पहिल्या दिवशी उघडं वाळवा, ओल निघून जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी गच्चीवर आधी जाड चादर, तिच्यावर काळं प्लास्टिक, त्यावर मूग बोटाच्या एका पेरापेक्षा जाड थर होणार नाही असे पसरा. वरून पारदर्शक प्लास्टिक घालून चारही कडा विटांनी दाबून टाका. सकाळी अकराला घातलेले मूग दुपारी तीनला काढा. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर थरात खोचून बघा, साठच्या पुढे गेला पाहिजे. नसेल तर थरात हात घालून बघा, धरवत नसेल तर ठीक. ओलं धान्य पहिल्याच दिवशी असं झाकलं तर आत वाफ धरते, प्लास्टिकला आतून थेंब येतात आणि ते परत धान्यावरच पडतात. म्हणून पहिला दिवस टाळू नका.

हे एप्रिल-मेमध्येच जमतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ढग आले की विसरा.

ज्यांच्या फ्रिजला वेगळ्या दाराचा फ्रीझर आहे त्यांना सोपं. एकेक किलोच्या पिशव्या हवा काढून, चिकटपट्टीने बंद करून, चपट्या करून ठेवा. उणे १८ अंशांवर चार दिवसांत अंडी, अळ्या, भुंगे सगळं संपतं. घरचा फ्रीझर दिवसातून दहादा उघडतो, म्हणून मी पूर्ण आठवडा ठेवायला सांगते. कोरड्या दाण्याला थंडीने काही होत नाही, त्याला नंतर मोड नीट येतात.

चूक होते ती बाहेर काढताना. गार पिशवी लगेच उघडली की दमट हवेतलं पाणी दाण्यांवर जमतं, आणि तुम्ही किडे घालवून बुरशी बोलावता. पिशवी बंदच ठेवून रात्रभर ओट्यावर राहू द्या. बाहेरून हात लावल्यावर गार लागेनाशी झाली की मगच उघडा.

एकाच दाराच्या जुन्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नका. तिथे बर्फ होतो, पण उणे १८ होत नाही. त्यांनी ऊनच धरावं.

४. गार करा, मग भरा, आणि काठोकाठ भरा

तापलेलं धान्य घरात आणून पंख्याखाली, वरून पातळ सुती कापड घालून, एक-दोन तास ठेवा. गरम भरलं तर झाकणाखाली वाफेचं पाणी होतं आणि डब्यातला वरचा थर आधी खराब होतो. रात्रभर उघडंही ठेवू नका, दमट हवेत ते परत ओल घेतं आणि घरात असलेला एखादा भुंगा नव्याने अंडी घालतो.

आता डब्याबद्दल. मोठा पत्र्याचा डबा, त्यात दहा किलो मूग, रोज झाकण उघडून वाटी बुडवायची, ही आपली जुनी पद्धत. त्यात दोन घोटाळे. पत्र्याचं झाकण हवाबंद नसतं, आणि रोज उघडल्याने आत नवी हवा, नवी ओल जाते. त्यापेक्षा एक लिटरच्या बाटल्या बऱ्या. एका बाटलीत साधारण ८०० ग्रॅम मूग मावतात. गळ्यापर्यंत भरा, बाटली आपटून आपटून दाणे खाली बसवा, परत भरा, झाकण पिळून लावा. आत हवा थोडीच उरते, आणि एखादी अळी वाचली असेलच तर तिने तो थोडा प्राणवायू वापरला की तिची वाढ थांबते. मात्र बाटली बंद राहील तोवरच हे चालतं. म्हणून एक बाटली चालू, बाकीच्या बंद.

रिकामी बाटली धुतल्यावर दोन-तीन दिवस उन्हात उपडी ठेवा. उन्हात झाकण लावून आतून धुकं आलं तर ती अजून ओली आहे.

तुरीची डाळ, हरभऱ्याची डाळ यांना एरंडेलाचा हात लावायचा असेल तर किलोला एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, पुरे. दोन्ही तळव्यांना चोळून तो डाळीवर फिरवत राहा, प्रत्येक दाण्याला जेमतेम चकाकी यावी. तेलाने दाण्यावरची अंडी गुदमरतात. आत शिरलेल्या अळीला त्याचं काही नाही, म्हणून तेल हे ऊन किंवा फ्रीझरनंतरचं काम, त्याच्याऐवजी नव्हे. शिजवायच्या आधी डाळ दोन पाण्यांनी धुवा.

कडुनिंबाच्या पाल्याचं विचारणार, माहीत आहे. सावलीत कुरकुरीत वाळलेला पाला घातला तर घाला, नव्या भुंग्यांना तो थोडाफार अडवतो. आत असलेल्यांना नाही. ओला पाला घातला तर तुम्ही डब्यात पाणी घातलंत. लवंगा, तमालपत्र, बिब्बे यांचंही तेच.

आता पहिली पिशवी घेऊन पूर्ण करून दाखवते. समजा पाच किलो मूग एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आले. ताटलीत घेतले तर पांढरे ठिपके दिसले, भोकं नाहीत. म्हणजे अळ्या आत आहेत, भुंगे अजून निघालेले नाहीत. परत करता आले तर उत्तम. नाहीतर मिठाची परीक्षा, शनिवारी उघडं ऊन, रविवारी काळ्या प्लास्टिकवर अकरा ते तीन, संध्याकाळी पंख्याखाली, रात्री सात वाजता बाटल्यांत. पाच किलोला सहा-सात बाटल्या लागतात. प्रत्येकीवर तारीख. मेअखेर, म्हणजे चार-पाच आठवड्यांनी, सगळ्या बाटल्या न उघडता उजेडात धरून बघा. आत हलणारं काही दिसत नसेल, तळाशी पीठ जमलेलं नसेल, तर काम झालं. एखाद्या बाटलीत भुंगा दिसला तर फक्त ती बाटली आधी संपवायची किंवा फ्रीझरला लावायची. दहा किलोचा एक डबा असता तर सगळंच गेलं असतं.

५. पीठ: साठवूच नका, हा पहिला नियम

पिठाला साल नसते, त्यामुळे हवा, ओल आणि किडे यांना ते मोकळं रान असतं. पावसाळ्यात दहा-बारा दिवसांचं दळण आणा, त्याहून जास्त नको. धान्य वर्षाचं ठेवा, पीठ नको.

गिरणीतून आलेलं पीठ हाताला गरम लागतं. घरी आल्या आल्या परातीत पसरा, गार झाल्यावरच डब्यात. पीठाच्या गुठळ्या, झाकणाखालची पिवळट पापडी, कुबट वास: यातलं बरंच काही फक्त गरम भरल्याने होतं. गहू धुऊन वाळवून दळायची सवय असेल तर धुतल्यानंतर दोन दिवसांचं कडक ऊन द्या. पावसाळ्यात गहू धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसूही नका. पाखडा, निवडा, दळा.

बाजरीचं पीठ लवकर कडू होतं ते किड्यांमुळे नाही. बाजरीत स्निग्धांश बराच असतो आणि दळताक्षणी तो हवेशी लागतो. साधारण आठवडाभरात चव बदलायला लागते. चिमूटभर जिभेवर ठेवून बघा, मागून कडवटपणा आला तर भाकरीला घेऊ नका. फ्रिजमध्ये बंद डब्यात ते तीनेक आठवडे बरं राहतं.

पिठात तांबूस, लांबट, चपटे किडे होतात ते बहुतेक वेळा जुन्या पिठातून येतात. डब्याच्या काठाला, झाकणाच्या आट्यांत चिकटलेलं पीठ ही त्यांची वस्ती. जुन्या पिठावर नवं ओतायची सवय सोडा. डबा रिकामा करा, कोरड्या ब्रशने आटे झाडा, ऊन द्या, मग नवं पीठ. शंका आली तर रात्री पिठाचा वरचा थर चमच्याच्या पाठीने सपाट दाबून ठेवा. सकाळी त्यावर बारीक रेघा, चर उमटले असतील तर आत कोणीतरी आहे. नुसतं चाळून भागत नाही, अंडी पिठाला चिकटून असतात आणि चाळणीतून निसटतात. चाळलेलं पीठ फ्रीझरला लावा किंवा लगेच संपवा. किडे फार झाले की पिठाला एक उग्र, औषधासारखा वास येतो आणि किंचित गुलाबी छटा येते. ते पीठ फेकायचं, चाळायचं नाही.

रव्यात, भाजणीत रेशमासारखी जाळी धरते ती पतंगाच्या अळ्यांची. रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून गार करून भरला की ती पुढची भानगड टळते. पिठावर पांढुरके, डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे पळताना दिसले तर ते धान्य खाणारे नसून बुरशीवर जगणारे असतात. ते दिसले म्हणजे ती जागाच दमट आहे, डबा दुसरीकडे हलवा.

६. खडा मसाला आणि मिरच्या

लवंग, मिरी, दालचिनी यांना किडे फार त्रास देत नाहीत, त्यांचा वास उडणं हा खरा तोटा. काचेची गडद बरणी, गॅसपासून दूर, काठोकाठ भरलेली. झालं. त्रास देतात ते धणे, हळकुंड आणि मिरच्या. त्यांत एक तिळाएवढा, तपकिरी, कुबडा किडा होतो आणि बारीक गोल भोकं पाडतो. तो मिरचीच्या तिखटाने घाबरत नाही, लाल तिखटातसुद्धा संसार करतो. धणे मंद आचेवर थोडे परतून किंवा आठवडाभर फ्रीझरला लावून भरले की वर्षभर चिंता नाही.

मिरचीबद्दल जरा थांबते, कारण तिथे प्रश्न किड्यापेक्षा बुरशीचा आहे. ब्याडगी असो, संकेश्वरी असो, मिरची मुळात मांसल असते आणि वरची साल सुकली तरी पोटात ओल राहते. घेताना चार मिरच्या मोडून बघा. कट्कन तुटली आणि बिया खुळखुळल्या तर वाळलेली. वाकली, चामड्यासारखी दुमडली तर ओली. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेली मिरची अशीच वागते. मग एक उभी चिरून आत बघा: बाहेरून लालभडक आणि आत बियांवर राखाडी किंवा काळी बुरशी, असं पुष्कळदा निघतं. अशी मिरची निवडून फेका. डंखावर गेली की ती सगळ्या मसाल्यात मिसळते आणि मग काहीच ओळखू येत नाही.

मिरच्या काळ्या प्लास्टिकने झाकू नका, रंग जातो. उघड्या उन्हात दोन-तीन दिवस, देठांसकट. देठ दळायच्या आदल्या दिवशी काढा, कारण देठ काढला की तिथून आत वाट मोकळी होते.

वर्षाचा तयार मसाला एकाच बरणीत ठेवू नका. मोठा साठा लहान बरण्यांत, वर हिंगाचा खडा ठेवायचा असेल तर ठेवा, आणि जागा असेल तर फ्रिजमध्ये: लाल तिखटाचा रंग तिथे चांगला टिकतो. रोजचा मसाला मसाल्याच्या डब्यात. आणि एक सवय आजच सोडा. उकळत्या आमटीवर बरणी तिरकी धरून मसाला घालायचा नाही. वाफ थेट बरणीत जाते. दोन आठवड्यांत गुठळ्या होतात आणि मग आपण दुकानदाराला नावं ठेवतो. चमच्याने काढा, चमचा कोरडा असू द्या, झाकण लावा, मग पातेल्याकडे वळा.

७. खराब झालंच तर काय ठेवायचं, काय फेकायचं

किड्यांचं आणि बुरशीचं गणित वेगळं आहे.

थोडे भुंगे निघाले, दहा-वीस दाण्यांना भोकं आहेत, तर मूग पाण्यात टाका. पोखरलेले दाणे तरंगतात, ते काढून टाका, बाकीचे लगेच वापरा. निम्मे दाणे पोखरलेले असतील तर सगळे फेका, त्यात मूग कमी आणि विष्ठा जास्त असते.

बुरशीला मात्र असा सौदा नाही. कुबट वास, एकमेकांना चिकटलेले दाणे, पांढरा-हिरवा केस आलेला भाग, काहीही दिसलं तर तो डबा गेला. ऊन देऊन, धुऊन, भाजून बुरशी दिसेनाशी होते, पण काही बुरश्या जे विष सोडतात, विशेषतः शेंगदाणे, मका आणि मिरची यांवरचं अफ्लाटॉक्सिन, ते आपल्या स्वयंपाकाच्या उष्णतेने जात नाही. ते यकृताला बाधतं. सुरकुतलेले, डाग पडलेले, कडू लागणारे शेंगदाणे कुटात घालून खपवणं हा काटकसरीचा सगळ्यात वाईट प्रकार आहे. हे मी जरा जोरात बोलते आहे, कारण आपल्यात ते सर्रास होतं.

फेकताना पिशवीची तोंडं घट्ट बांधा. उघडा डबा ओल्या कचऱ्याच्या बादलीत रिकामा केला तर भुंगे जिन्यातून वरच्या घरांत जातात. मग कपाटाच्या फळ्या, कोपरे, स्क्रूची भोकं कोरड्या ब्रशने झाडा. ओल्या फडक्याने पुसायचंच असेल तर पुसून दिवसभर पंखा लावा. बाहेरच्या भिंतीला, म्हणजे आपल्या बी विंगमध्ये पश्चिमेच्या भिंतीला, पावसाळ्यात ओल येते. डबे तिथून वीतभर पुढे घ्या आणि जमिनीवर ठेवू नका.

८. हे घरात आणू नका

बोरिक पावडर धान्याला चोळून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. धुतल्यावर सगळी जाईलच याची खात्री नाही, घरात लहान मुलं असतील तर डबा उघडा राहिला की प्रश्न. नको. पाऱ्याच्या गोळ्या तर मुळीच नको, पाऱ्याची वाफ घरात राहते. मच्छर-झुरळांचा फवारा धान्याच्या कपाटात मारू नका, आणि पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल त्या दिवशी सगळे डबे आधी दुसऱ्या खोलीत हलवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे केवळ तुमच्या घरापुरतं नाही. धान्याच्या गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी गावाकडून आणून डब्यात ठेवतं. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. बंद घरात तो माणसं मारतो. तो दाराखालून, पाइपच्या फटीतून, शाफ्टमधून शेजारच्या घरात जातो, आणि सुरुवातीला डोकेदुखी, मळमळ, उलटी एवढंच होत असल्यामुळे लोक बाधलेलं अन्न समजतात. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच, त्या परवानाधारक माणसांनीच वापरायच्या असतात. कोणाच्या घरात असतील तर उघडू नका, पाण्यात टाकू नका, कचऱ्यात तर नाहीच. वॉचमनला नव्हे, मला किंवा सेक्रेटरींना सांगा, आपण परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावू. कोणाला धाप लागली, छातीत जड वाटलं तर आधी सगळ्यांना उघड्या हवेत न्या आणि थेट हॉस्पिटल गाठा. तिथे गोळ्यांचं नाव सांगा.

गच्चीचं असं ठरलं आहे: मेचे सगळे शनिवार-रविवार सकाळी साडेदहा ते साडेतीन, ए विंग पहिला आठवडा, बी दुसरा, सी तिसरा, चौथा राहिलेल्यांसाठी. कबुतरांसाठी एक माणूस वर बसलेला हवा, नुसतं जाळीवर सोडून खाली येऊ नका. काळं आणि पारदर्शक प्लास्टिक सोसायटीने आणलं आहे, ते ऑफिसमध्ये आहे, सही करून न्यायचं आणि झाडून परत द्यायचं. मिठाची परीक्षा कोणाला बघायची असेल तर बरणी मी इथेच ठेवली आहे, पंधरा मिनिटं होतच आली आहेत. या बघायला.